मिश्री, बाळाचं वजन आणि आकड्यांची चाळणी

वैद्यकीय महाविद्यालयांत दर वर्षी प्रबंधांचा हंगाम येतो आणि त्यांतली आकडेमोड तपासणाऱ्या माझ्यासारख्यांकडे लॅपटॉप घेऊन आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची रांग लागते. त्या रांगेतली एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. ही खरी कोणी एक नव्हे. अशा अनेकींच्या तक्त्यांवरून मी तिला इथं उभी केली आहे. तिचा विषय आहे गरोदरपणात मिश्री लावणं आणि बाळाचं जन्मवजन. एक्सेलच्या तक्त्यात बावीस रकाने आहेत: आईचं वय, उंची, शिक्षण, हिमोग्लोबिन, कितवं बाळंतपण, किती आठवड्यांनी प्रसूती झाली, बाळ मुलगा की मुलगी, असं बरंच काही.

"सर, आधी युनिव्हेरिएट केलं," ती सांगते. "ज्यांची पी-व्हॅल्यू 0.2 च्या खाली आली तेवढेच मल्टिव्हेरिएटमध्ये टाकले. मग स्टेपवाइज चालवलं. शेवटी चार उरले."

त्या चारांत मिश्री नाही. तिनं मिश्रीसाठी दीड वर्ष प्रसूतीच्या वॉर्डात खेपा घातल्या आणि सॉफ्टवेअरनं मिश्रीच गाळून टाकली. आता "मिश्रीचा परिणाम आढळला नाही" असं लिहावं का, हे विचारायला ती आली आहे.

असं लिहू नये, असं मी तिला सांगतो. तसं का सांगतो, ते समजण्यासाठी सॉफ्टवेअरनं नेमकं काय केलं हे आधी बघायला हवं.

रिग्रेशन म्हणजे अनेक कारणांचा एकाच वेळी मांडलेला हिशेब. बाळाचं वजन एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला आईची उंची दर सेंटिमीटरला इतके ग्रॅम, पहिलं बाळंतपण असेल तर उणे इतके ग्रॅम, मिश्री असेल तर उणे इतके. प्रत्येक घटकाच्या आकड्याचा अर्थ "बाकीचे घटक सारखे असताना" असा घ्यायचा असतो. म्हणून "बाकीचे" म्हणजे कोणते, यावर त्या आकड्याचा अर्थच ठरतो. एसपीएसएसमध्ये ही निवड `Method` नावाच्या एका छोट्या खिडकीत होते. तिथं `Enter` ठेवलं तर तुम्ही दिलेले सगळे घटक समीकरणात जातात. `Stepwise` निवडलं तर निवड यंत्राकडे जाते. ते आधी सगळ्यात कमी पी-व्हॅल्यूचा घटक उचलतं, तो आत घेऊन पुन्हा सगळे तपासतं, पुढचा उचलतं. आत आलेल्याची पी-व्हॅल्यू मागाहून वाढली तर त्याला बाहेर काढतं. आत यायला 0.05 आणि बाहेर जायला 0.10, या सीमा सॉफ्टवेअरनं आधीच भरून ठेवलेल्या असतात. 1960 मध्ये एफ्रॉयमसन यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा संगणकाचा वेळ फार महाग होता आणि घटकांच्या सगळ्या जोड्या तपासणं परवडत नव्हतं. त्या काळाची ती सोय होती, पण आता ती सवय झाली आहे.

या सवयीनं काय होतं हे दाखवणारा प्रयोग बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमन यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकाकडून नुसते यादृच्छिक आकडे तयार करून घेतले. शंभर ओळी आणि एक्कावन्न रकाने. एका रकान्याला त्यांनी परिणाम म्हटलं, उरलेल्या पन्नासांना घटक. कशाचाच कशाशी संबंध नव्हता, कारण संबंध घातलेलाच नव्हता. पन्नासही घटक घेऊन रिग्रेशन केलं तेव्हा समीकरणानं परिणामातला निम्मा चढउतार "समजावून सांगितला". पन्नास घटक आणि शंभर ओळी असल्या की निव्वळ योगायोगानंही साधारण एवढंच होतं, आणि एकंदर समीकरणाची पी-व्हॅल्यू 0.53 आली. म्हणजे इथं काही नाही, हे चाचणीनं बरोबर ओळखलं. 5 टक्क्यांच्या कसोटीवर एकच घटक उतरला.

मग फ्रीडमन यांनी सगळे करतात तेच केलं. ज्यांची पी-व्हॅल्यू 0.25 च्या खाली होती असे पंधरा घटक ठेवले, बाकीचे टाकले आणि त्याच आकड्यांवर पुन्हा रिग्रेशन केलं. आता समीकरणाची पी-व्हॅल्यू 0.0005 झाली. पंधरापैकी सहा घटक 5 टक्क्यांच्या कसोटीवर "सिग्निफिकंट" ठरले. आकडे तेच आणि संबंध अजूनही शून्य, पण हे दुसरं कोष्टक एखाद्या लेखात छापलं तर वाचणाऱ्याला त्यात सहा शोध दिसले असते.

हे का होतं? पी-व्हॅल्यू म्हणजे खरा संबंध नसताना केवळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. ही शक्यता काढताना सूत्र असं धरून चालतं की कोणते पंधरा घटक घ्यायचे हे आकडे बघण्याआधी ठरलं होतं. पन्नासातून हे पंधरा वेचून आणलेत, याचा त्याला पत्ताच नसतो. पन्नास मुलांनी नाणं उडवून बरोबर-चूक अशी उत्तरं लिहिली, त्यांतले जास्त गुण पडलेले पंधरा निवडले आणि त्याच गुणपत्रिका दाखवून "बघा, किती हुशार तुकडी आहे" म्हटलं, तर आपण लगेच हरकत घेऊ. नवी प्रश्नपत्रिका द्या, म्हणू. स्टेपवाइजमध्ये नवी प्रश्नपत्रिका कधी येतच नाही.

खोटे घटक आत येतात, एवढ्यावर हे थांबत नाही. खऱ्या घटकांचे आकडेही फुगतात, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. समजा एखाद्या घटकामुळे बाळाचं वजन खरोखर 50 ग्रॅमनं कमी होतं, आणि तुमच्या अभ्यासाचा आकार असा की या अंदाजात 40 ग्रॅमची प्रमाणत्रुटी आहे. म्हणजे असा अभ्यास पुन्हा पुन्हा केला तर उत्तर कधी 20 येईल, कधी 60, कधी 110. 5 टक्क्यांची कसोटी पार करायला मात्र उत्तर 78 ग्रॅमच्या पुढे जायला हवं, कारण 40 ची 1.96 पट म्हणजे साधारण 78. त्यामुळे खरं उत्तर देणारा अभ्यास या दारातून आत येऊच शकत नाही. आत येतो तो अतिशयोक्ती करणाराच, दर चार अभ्यासांत साधारण एक, आणि अशा अभ्यासांचं सरासरी उत्तर 100 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट. उरलेल्या तिघांत तो घटक गाळला जातो, आणि गाळणं म्हणजे त्याचा परिणाम शून्य धरणं. दुप्पट किंवा शून्य, एवढेच दोन पर्याय उरतात. 50 हे उत्तर कुणालाच मिळत नाही.

"आम्ही पी-व्हॅल्यू वापरली नाही, एआयसी वापरलं" असं काही जण अभिमानानं सांगतात. एक-एक घटक आत-बाहेर करताना एआयसी वापरणं म्हणजे प्रत्यक्षात 0.157 ही पी-व्हॅल्यूची सीमा वापरणं. दार थोडं रुंद झालं, पण निवड त्याच आकड्यांवर होते आणि हिशेबही त्याच आकड्यांवर मांडला जातो.

यंत्राची निवड किती डळमळीत असते, हे पीटर ऑस्टिन आणि जॅक टू यांनी 2004 मध्ये दाखवलं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातले हृदयविकाराचा झटका आलेले 4,911 रुग्ण आणि मृत्यूचा अंदाज बांधण्यासाठी 29 संभाव्य घटक. त्यांनी याच रुग्णांतून चिठ्ठ्या काढाव्यात तसे 1,000 नमुने पुन्हा पुन्हा काढले. एकदा निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, म्हणून प्रत्येक नमुना थोडा वेगळा. प्रत्येक नमुन्यावर एक-एक घटक गाळत जाणारी यांत्रिक निवड चालवली, तेव्हा हजार नमुन्यांतून 940 वेगवेगळी समीकरणं निघाली. हजारही वेळा निवडले गेलेले घटक फक्त तीन. जवळजवळ पाच हजार रुग्ण असताना ही अवस्था, तर दोनशे बाळंतपणांवरच्या प्रबंधात "शेवटी चार उरले" या वाक्याला किती वजन द्यायचं? दहा आया वेगळ्या आल्या असत्या तर कदाचित दुसरेच चार उरले असते.

आता मिश्रीकडे येऊ. ती दोन ठिकाणी गळू शकत होती, आणि दोन्ही ठिकाणची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिली जागा युनिव्हेरिएटची. पहिलं बाळ सरासरीनं पुढच्या बाळांपेक्षा वजनाला कमी असतं, हे प्रसूतिशास्त्राला जुनं माहीत आहे. समजा तिच्या नमुन्यात मिश्री लावणाऱ्या बायका वयानं मोठ्या आहेत आणि त्यांचं दुसरं-तिसरं बाळंतपण आहे. मग मिश्री वजन खाली ओढते आणि बाळंतपणाचा क्रम ते वर ढकलतो. मिश्रीची एकटीची तुलना केली की दोन्ही ओढी एकमेकींना खातात, फरक लहान दिसतो, पी-व्हॅल्यू 0.2 च्या वर जाते आणि मिश्री दारातच अडते. ज्या दुसऱ्या घटकाला सोबत घेतल्यावर तिचा परिणाम दिसला असता, त्याच्याशी तिची गाठच पडत नाही. युनिव्हेरिएटची चाळणी इतकी निरुपद्रवी वाटते, पण नेमका हाच दोष तिच्यात आहे.

दुसरी जागा गर्भकाळाची. बाळाच्या वजनाशी सगळ्यात घट्ट बांधलेला आकडा म्हणजे प्रसूती किती आठवड्यांनी झाली. स्टेपवाइज तो पहिल्याच फेरीत उचलणार यात शंका नाही. पण मिश्रीमुळे प्रसूतीच लवकर होत असेल तर? तर गर्भकाळ हा मिश्रीपासून वजनापर्यंतच्या वाटेवरचा एक टप्पा झाला. तो "सारखा असताना" म्हटलं की त्या वाटेनं जाणारा परिणाम आपण स्वतःच्या हातानं पुसतो. यंत्राला रकाने दिसतात, पण कोणता रकाना आधीचा आणि कोणता नंतरचा, हे त्याला कळत नाही. ते बाईला आणि सुईणीला कळतं.

यासाठी मुंबईतला एक अभ्यास पाहण्यासारखा आहे. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी 1,217 गरोदर बायकांचा पाठपुरावा करून 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरलं, आणि 95 टक्के विश्वासार्हतेचा पल्ला 30 ते 181 ग्रॅम होता. गर्भकाळ सरासरी 6.2 दिवसांनी कमी झाला. बाळ कमी वजनाचं असण्याचं ऑड्स गुणोत्तर 1.6 आलं, आणि ते कशाकशाचा हिशेब धरून आलं याची यादी लेखाच्या सारांशातच दिली आहे: आईचं वय, शिक्षण, आर्थिक-सामाजिक स्थिती, वजन, रक्तक्षय, प्रसूतिपूर्व तपासणी आणि गर्भकाळ. या यादीत गर्भकाळ आहे. म्हणून वाचणाऱ्याला कळतं की 1.6 हा आकडा गर्भकाळ सारखा धरून काढलेला आहे, आणि लवकर प्रसूतीचा भाग शेजारच्या 6.2 दिवसांत शोधायचा आहे. एखाद्याला गर्भकाळ त्या यादीत नको वाटेल, आणि त्यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालता येतो तो यादी दिली म्हणूनच. "स्टेपवाइजनं निवडलेले घटक" एवढंच लिहिलं असतं तर बोलायला जागाच नव्हती.

मग माझ्या विद्यार्थिनीनं काय करायचं? प्रसूतींची नोंद तयार आहे, पण काही काळ ती मिटून ठेवायची. कोऱ्या कागदावर एका टोकाला मिश्री, दुसऱ्या टोकाला वजन लिहायचं आणि गाईड, वॉर्डातल्या सिस्टर, आधीचे अभ्यास यांच्या आधारानं बाण काढायचे. आईचं वय, शिक्षण, घरची परिस्थिती यांचे बाण मिश्रीकडेही जातात आणि वजनाकडेही. ही दोघींची समाईक कारणं, म्हणून ती समीकरणात हवीत, त्यांची पी-व्हॅल्यू 0.6 आली तरी हवीत. बाळंतपणाचा क्रमही त्यातच. आईच्या उंचीचा आणि बाळ मुलगा की मुलगी याचा मिश्रीशी फारसा संबंध नसावा, पण वजनातला बराच चढउतार ते उचलतात आणि मिश्रीचा अंदाज थोडा नेमका होतो, म्हणून घ्यावेत. गर्भकाळ वाटेवरचा, म्हणून मुख्य समीकरणात नको. बाळाला अतिदक्षता विभागात ठेवलं का, हा रकाना तर वजनानंतरचा आहे. तो घेतला तर परिणामालाच कारण म्हणून बसवल्यासारखं होईल. हिमोग्लोबिनपाशी मात्र थांबावं लागतं. रक्तक्षय गरिबीमुळे आधीपासून असेल तर तो समाईक कारणांकडे झुकतो, आणि तंबाखूमुळे भूक मरून आला असेल तर वाटेवर पडतो. आकडे हा निवाडा करणार नाहीत. हिमोग्लोबिन पहिल्या तपासणीतलं आहे की प्रसूतीच्या वेळचं, हे नोंदवहीत बघावं लागेल, आणि तरीही शंका राहिली तर ते घेऊन आणि न घेऊन अशी दोन्ही उत्तरं द्यावी लागतील.

बावीसांतून असे सहा-सात उरतात. स्टेपवाइजमध्येही थोडेच उरले होते, पण तिथं वजनाच्या रकान्यात डोकावून निवड झाली होती, इथं वजन न बघता झाली. कोष्टकातल्या पी-व्हॅल्यू आणि पल्ल्यांना पुन्हा अर्थ येतो तो यामुळेच. नमुना छोटा असेल तर किती घटक परवडतील हे मोजतानाही उरलेले मोजून चालत नाही. एकदा जेवढ्यांकडे वजनाशी ताडून पाहिलं, तेवढ्यांची किंमत मोजावी लागते.

पद्धतींच्या प्रकरणात यातून साधारण असा परिच्छेद लिहिला जाईल: "मिश्रीचा जन्मवजनावरचा एकूण परिणाम मोजणं हा हेतू होता. वय, शिक्षण, आर्थिक स्थिती आणि बाळंतपणाचा क्रम हे समाईक कारणं म्हणून, तर आईची उंची आणि बाळाचं लिंग हे वजनाचे ज्ञात घटक म्हणून विश्लेषणापूर्वी निश्चित केले. ते सर्व समीकरणात ठेवले; पी-व्हॅल्यूवरून कोणताही घटक घेतला किंवा वगळला नाही. गर्भकाळ मिश्री आणि वजन यांच्या मधला टप्पा असल्यानं मुख्य समीकरणात घेतला नाही. हिमोग्लोबिन घेऊन केलेलं विश्लेषण वेगळं दिलं आहे." आणि तिनं आधी स्टेपवाइज चालवून पाहिलं होतं, तेही लिहायला हवं. ते लपवलं तर "विश्लेषणापूर्वी" हा शब्द खरा राहत नाही. हे लिहायला विद्यार्थी घाबरतात. परीक्षक कापतील असं त्यांना वाटतं. मी परीक्षक असतो तेव्हा त्या एका वाक्यासाठी पुढचं सगळं जास्त विश्वासानं वाचतो.

या रीतीलाही मर्यादा आहेत. जे मोजलंच नाही त्याचा हिशेब कोणतंच समीकरण करत नाही. चुलीच्या धुराचा रकाना तिच्याकडे नसेल तर तो धूर मिश्रीच्या आकड्यात मिसळून राहील. बाण चुकीचे काढले तर उत्तरही चुकेल, फक्त चूक कुठं झाली ते दिसेल. शिवाय हेतू कारण शोधण्याचा नसून नुसता अंदाज बांधण्याचा असेल, जसा ओंटारिओतल्या रुग्णांबाबत होता, तर बाणांची गरज कमी होते. तिथं लॅसोसारख्या आकडे मुद्दाम आखडून धरणाऱ्या पद्धती आहेत, पण त्यांची परीक्षाही न पाहिलेल्या रुग्णांवरच घ्यावी लागते, आणि त्यातून उरलेले घटक पुन्हा साध्या रिग्रेशनमध्ये घालून पी-व्हॅल्यू छापायची नसते.

आता निष्कर्षांचं कोष्टक. पहिल्या रकान्यात मिश्रीचा एकटीचा फरक, दुसऱ्यात ठरवलेले सगळे घटक धरून आलेला, तिसऱ्यात हिमोग्लोबिनसह. प्रत्येकापुढे 95 टक्क्यांचा पल्ला. बाकीच्या घटकांचे आकडे परिशिष्टात दिले तरी चालतील, पण ते "वजनाचे स्वतंत्र धोक्याचे घटक" म्हणून मिरवू नयेत, कारण बाण मिश्रीसाठी काढले होते. शिक्षणासाठी ते वेगळे निघाले असते.

समजा दुसऱ्या रकान्यात उणे 70 ग्रॅम आले, आणि पल्ला उणे 190 ते अधिक 50. स्टेपवाइजनं हीच ओळ पुसली होती. आता ती तिथं आहे, आणि तिच्याखाली लिहायचं वाक्य "परिणाम आढळला नाही" हे नाही. या पल्ल्यात शून्य बसतं, आणि मुंबईत मिळालेले 105 ग्रॅमही बसतात. विद्यार्थिनी नमुना मोठा नव्हता म्हणून थोडी खट्टू होते. पण उद्या कोणी मिश्रीवरचे सगळे अभ्यास एकत्र करून सरासरी काढायला बसलं, तर उणे 70 आणि त्याचा पल्ला उचलून त्यात घालता येईल.